अनुमोदक

"विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे," गोपिकाने वाचलं आणि इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

नववी 'ब'ची गोपिका या वर्षी विद्यार्थी मंडळाची सचिव झाली होती. शुक्रवारी शेवटची घंटा झाल्यावर प्रताप नगरातल्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत सभा भरली. अकरापैकी नऊ जण हजर होते. गणपूर्ती सहाची, म्हणजे सभा नियमाने चालू शकत होती. अध्यक्ष दहावीचा मुकुंद. मार्गदर्शक विश्वनाथ सर खिडकीपाशी वह्या तपासत बसले होते.

ती सावकाश वाचत गेली. ठराव एक, ठराव दोन. तिसऱ्या ठरावाला तिचा आवाज आपोआप थोडा चढला.

"ठराव क्रमांक तीन. दर शनिवारी सुटीनंतर शाळेचे मोठे मैदान खो-खोसाठी मुलींना देण्यात यावे. सूचक, नीला. अनुमोदक, रविंद्र. बाजूने चार, विरुद्ध तीन. ठराव मंजूर."

"थांब, थांब," रविंद्र उभाच राहिला. तो क्रिकेटच्या संघाचा कप्तान, आणि शनिवारचं मैदान त्याच्या संघाचं. "मी कधी अनुमोदन देलं? मी तं पाणी प्यायले जाऊ काय म्हणून हात वर केला होता."

सगळी खोली हसली. मुकुंदसुद्धा हसला, मग अध्यक्ष असल्याचं आठवून गंभीर झाला. "मले वाटलं तू अनुमोदनच देऊन राहिला."

"मैदान आमचं, आन् मीच अनुमोदन देईन काय गा?"

नीला ताडकन म्हणाली, "वहीत लिहिलं आहे ना. आता काहून बदलता? आजच कायम झालं की हेडबाईंकडे नक्कल जाते."

सरांनी वर पाहिलं. "आत्ता मैदान कुणाला द्यायचं हा प्रश्न नाही. मागच्या सभेत जे घडलं ते बरोबर लिहिलंय का, एवढंच पाहायचं. सचिव, तुम्ही काय पाहिलं?"

गोपिका खो-खोत पळती असायची, तिच्यामागे लागणारे दमून जात. मोठं मैदान नाही म्हणून मुली नळाजवळच्या फरशीवर खेळत, आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांवरच्या खपल्या कधी पूर्ण वाळतच नव्हत्या. टेबलाखालून नीलाचा पाय तिच्या पायावर आला.

तिला नीट आठवत होतं. हात वर झाला, मुकुंद 'अनुमोदन, रविंद्र' म्हणाला, तिने लिहिलं. मान वर केली तेव्हा रविंद्र दाराबाहेर पडला होता. मतं मोजली तेव्हाही तो नव्हता. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती, पण चार-तीनचा आकडा इतका छान दिसत होता.

"तो बरोबर म्हणून राहिला, सर," ती म्हणाली. "हात वर करून तो सरळ नळावर गेला. मी विचारायले पाहिजे होतं. विचारलं नाही."

"गोपिका, गप बस ना वं," नीला पुटपुटली.

पण आता ते झालं होतं. गोपिकाने खाडाखोड केली नाही. 'रविंद्र' या नावावर एकच आडवी रेघ मारली, खालचं नाव वाचता येईल अशी. समासात लिहिलं, 'अनुमोदन मिळाले नव्हते. सबब ठराव मतास टाकता येत नव्हता.' मुकुंदने दुरुस्तीशेजारी आद्याक्षरं घातली, मग पानाच्या शेवटी सही केली. इतिवृत्त कायम झालं आणि मैदान गेलं.

पुढचे विषय पार पडले. हस्तलिखिताचं मुखपृष्ठ, सफाईच्या पाळ्या. शेवटचा विषय होता, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' नीलाचा हात वर होताच. तिने तोच ठराव पुन्हा मांडला, शब्दही तेच.

"परवानगी आहे," मुकुंद म्हणाला. "अनुमोदन कोण देते?"

एकही हात वर झाला नाही. मागच्या वेळी बाजूने असलेल्या दोघी आज आल्या नव्हत्या. मुलं रविंद्रकडे पाहत होती.

"सर," गोपिकाने विचारलं, "सचिवाले अनुमोदन देता येते काय?"

"सचिव मंडळाची सभासद आहे. लिहिते म्हणून तिचं तोंड बंद झालं, असं कुठल्या नियमात आहे?"

"मंग मी देतो अनुमोदन," ती म्हणाली.

रविंद्र थोडा वेळ बाकावर नखाने रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "माही एक दुरुस्ती आहे. 'सुटीनंतर' नाही, 'सुटीनंतर दीड तास' म्हणा. त्याच्या मंग आमी खेळू."

"सूचकाले मंजूर?" मुकुंदने विचारलं.

नीलाने गोपिकाकडे पाहिलं, मग मान हलवली.

हात वर झाले. बाजूने पाच, विरुद्ध तीन, अध्यक्षांनी मत दिलं नाही. पाचवा हात रविंद्रचा होता. नीलाने कारण विचारलं, तसा तो म्हणाला, "हिनं लिहिलं तेच खरं म्हटलं असतं तं मले काही करता आलं नसतं."

खोली रिकामी झाली तरी गोपिका लिहीतच होती. 'दुरुस्तीसह मंजूर' इथवर आली, मग 'अनुमोदक' लिहिलं आणि पेन अडलं. आजवर या वहीत तिने सगळ्यांची नावं लिहिली होती, स्वतःचं फक्त हजेरीत. तिने ते लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं.

विश्वनाथ सरांनी पान नजरेखालून घातलं आणि वही मिटून तिच्या हातात दिली.

"पुढच्या सभेत वाचाल तेव्हा," ते म्हणाले, "या नावापाशी आवाज खाली आणू नका."