दुसरा हुंकार

विहिरीचा मळा कोणत्या मुलाला द्यायचा, ते आबा सांगायला बसले की धाकटी सून मयुरी गोष्ट काढायची. राजा राणीला सुळावर देणार, तेवढ्यात राणी त्याला कुंभाराची गोष्ट सांगते. त्या गोष्टीत कुंभाराला वाघ धरतो, म्हणून कुंभार वाघाला आणखी एक सांगतो. वाघाचं ठरेपर्यंत राजाचं ठरत नव्हतं, राजाचं ठरेपर्यंत आबांचं.

"हं. मंग काय व्हयनं, पोरी?" आबा विचारायचे.

थोरली कोकिळा दाराशी जळत बसायची. इतकी वर्षं या घरात राबून तिचं एक वाक्य कुणी पुरतं ऐकलं नव्हतं. मयुरीला मात्र दोन हुंकार मिळत. एक आबांचा, दुसरा कापसाच्या बंद खोलीतून. कोकिळानं खोली उघडून पाहिली होती. आत नुसता कापूस.

आज तिच्यानं राहवलं नाही. "वाघानं कुंभाराला सोडलं. राजानं राणीला माफ केलं. झाली गोष्ट!"

मयुरी पांढरीफटक पडली. "अक्का, संपवायची नव्हती हो! मी मळ्यासाठी नव्हते सांगत."

आबांनी हुंकार दिला नाही. ते खोलीच्या दाराकडे बघत होते.

"संपली का?" आतून कुणीतरी शांतपणे म्हणालं. "मग आता कोकिळाचं ठरवू."