बी.ए.चं स्पष्टीकरण

"या घरात प्रत्येकाला आपली वाट निवडायचं स्वातंत्र्य आहे!" बाबांनी ठणकावून सांगितलं आणि मला पुन्हा सोफ्यावर मामा आणि आत्याच्या मधे बसवलं.

बारावी सायन्सला त्र्याण्णव टक्के मिळवून मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. सकाळपासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला तेच समजावत होते.

"फिजिक्सने घात केला का गं?" आत्याने हळूच विचारलं.

"फिजिक्सला शहाण्णव आहेत, आत्या."

"मग इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा बिघडली असणार," मामा म्हणाला.

"दिलीच नाही. मला इतिहासच शिकायचाय."

"अगं, सायन्सवरून आर्ट्सला कधीही जाता येतं. परत मात्र येता येत नाही!"

"मला परत यायचंच नाहीये, मामा."

मामाने आवाज खाली आणला. "कुणी मुलगा-बिलगा आहे का त्या वर्गात?"

"वर्ग अजून सुरूच झाला नाहीये!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या काकू होत्या, चेहरा आधीच पाडून आलेल्या. बाबा माझ्या कानाशी वाकले.

"बाळा, यांना तेवढं नापास झाले म्हण ना. हळहळून लगेच जातील. मला भूक लागलीय."