पाणी तोडलेलं झाड

कोराडीच्या शाळेत शिकवणाऱ्या सुलोचनाला पॉवरहाऊसमधल्या गुणवंतानं ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात गजरे, पातळं अन् लग्नाच्या आणाभाकांनी न्हाऊ घातलं. त्याच्यापायी मैत्रिणी सोडून ती लग्नाला हो म्हणाली, अन् तो एकाएकी ओळख नसल्यासारखा वागू लागला. आपलं काय चुकलं, या विचारानं झुरतच ती सुट्टीत सावनेरला माहेरी गेली.

मळ्यातली संत्र्याची झाडं मलूल दिसली. "बाबा, पाणी काहून तोडलं?"

"झाडाची काही चूक नाही वं पोरी. असं तहानेलं ठेवलं, का मंग पाणी सोडल्याबरोबर फुलांनी लदबदते."

सुलोचना खुदकन हसली. ती कोराडीला परतली, तर गुणवंत पुन्हा गजरा घेऊन शाळेच्या फाटकात हजर!



पुन्हा जोडलेल्या मैत्रिणींच्या घोळक्यातून ती म्हणाली, "सरक गा गुणवंता, हे झाड मॅटिनीले चाललं!"