हे ‘योग्य’ कुठनं आलं?

“हे ‘योग्य’ कुठनं आलं?” शशिधर सरांनी लाल पेनानं निबंधाच्या शेवटच्या ओळीवर टिचकी मारली.

स्वप्नाली टेबलापुढं उभी होती. वीसपैकी पाच. कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेचा क्लास लावल्यापासून नीतिशास्त्राच्या पेपरात तिला इतके कमी कधी पडले नव्हते, आणि विषय तर तिच्या घरचा: पुरात गाव सोडायला नकार देणाऱ्यांना सक्तीनं हलवावं का? शिरोळ तालुक्यातल्या पोरीनं यावर लिहायचं नाही तर कुणी? तिनं निबंधात अकरा आकडे टाकले होते, प्रत्येकाखाली पट्टीनं रेघ मारून. क्लासातल्या सगळ्यांनाच ती खोड होती. आकडा दिसला की मार्क पडतो म्हणे.

“सर, एक तरी आकडा चुकलाय का?”

“एकही नाही. पाणी किती चढतं, किती घरं बुडतात, किती माणसं दगावतात, सगळं खरं. पण ती नुसती वस्तुस्थिती झाली. आणि शेवटी तू लिहिलंस, सक्तीनं हलवणंच योग्य. अकरा वाक्यांत योग्य-अयोग्याचा पत्ता नाही आणि बाराव्यात ते एकदम टपकलं. मधलं वाक्य कुठाय?”

“कुठलं मधलं?”

“माणसाचा जीव त्याच्या मर्जीपेक्षा मोठा, असलं काहीतरी. ते तू मनात धरलंस, म्हणून तर शेवटाला पोचलीस. ते उघड लिही. म्हणजे ज्याला पटत नाही त्याला त्याच्यावर भांडता येईल. आकड्यांवर काय भांडायचं?”

“ते काय लिहायचं, सर? ते कुणालाबी कळतं की.”

तिला राग आला होता आणि तो लपतही नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. वडिलांचा. आई कालच जयसिंगपूरच्या छावणीत पोचली होती, आणि आबा मागनं येतो म्हणाले होते.

“आबा, निघालासा का?”

“न्हाय. बोट आलीया दारात. शेवटची फेरी म्हणत्यात ही पोरं. मी न्हाय यायचा, तेवढं तुझ्या आईला सांग.”

स्वप्नालीनं दुसरं काही न सुचून आकडेच सुरू केले. “इकडं पंचगंगेनं त्रेचाळीस फूट ओलांडलंय, आबा. धोक्याच्या वर. धरणाचे दरवाजे उघडलेत. संध्याकाळपर्यंत तुमच्याकडं आणखी चार फूट चढणार.”

“व्हय, सांगून गेल्यात.”

“मागच्या पुरात माळ्यापर्यंत पाणी आलतं.”

“मीच खूण केलीया भिंतीला.”

“तुमाला पोहता येत नाही.”

“न्हाय येत. मग?”

बाप एकही गोष्ट नाकारत नव्हता. सगळं मान्य, आणि तरी जागचा हलायला तयार नव्हता. आता आणखी कुठला आकडा काढायचा?

सर हळूच म्हणाले, “आकडे पुरे झाले. त्यांना काय बरोबर वाटतंय ते विचार.”

“आबा,” ती म्हणाली, “काय करू नये असं वाटतंय तुमाला? तेवढंच सांगा.”

पलीकडं बोटीचं इंजिन धडधडत होतं.

“तीन म्हशी हायत दावणीला. माझ्या हातानं बांधलेलं जनावर पाण्यात ठिवून मी बोटीत बसू? माणसानं असं करू नये.”

हे तिनं निबंधात कुठंच धरलं नव्हतं. आणि ते तिला चूकही वाटलं नाही.

“मग सोडा की त्यास्नी. म्हशी पोहतात, आबा. बांधलेल्याच मरतात.”

“थांब.”

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. स्वप्नाली उभ्याउभ्या वाट बघत राहिली. सरांनी खुर्ची पुढं केली, पण ती बसली नाही. चार मिनिटांनी आबा धापा टाकत परत आले.

“दोन सोडल्या. वरच्या माळाकडं लागल्या. तिसरी गाभण हाय, दिस भरल्यात तिचं. दावं कापलं तरी दारातनं हलत न्हाय. बोटीत घेत न्हाईत तिला.”

मागनं बोटीतलं कुणीतरी म्हणालं, “काका, आता थांबता यायचं नाही आमाला.”

“ऐकलंस न्हवं? जाऊ दे बोट.”

“आबा, ऐका. तिच्यापेक्षा तुमचा जीव मोठा, हे मला कशानंच सिद्ध करून दाखवता यायचं नाही. माझ्याकडं तसला आकडा नाही.” ती आता उघड रडत होती. “मला वाटतं तसं. मी तुमच्या बाजूनं आहे, तिच्या नाही. एवढंच आहे माझ्याकडं. माझ्यासाठी बसा.”

इंजिनाचा आवाज वाढला. आबा काही बोलले की नाही, ते कळेना. मग फोनवर जोराचा वारा लागला, आणि त्यातनं एका म्हशीचं हंबरणं आलं. ते लांब लांब जात राहिलं.

“बसलो,” आबा म्हणाले.

स्वप्नाली मटकन खुर्चीत बसली. ओढणीनं तिनं तोंड पुसलं. “बरोबर केलंत, आबा. लई बरोबर केलंत.”

“न्हाय,” आबा म्हणाले. “तू म्हणालीस म्हणून बसलो. जीव वाचंल बी. पर बरोबर केलं असं माझ्यापुढं परत कधी म्हणू नगंस.”