जुनी ट्यूब

कुपवाडच्या कारखान्यातून यायला दिग्विजयला चाळीस मिनिटं उशीर झाला. बायकोनं, पल्लवीनं, विचारायच्या आधीच त्यानं मोटारसायकलची जुनी ट्यूब पुढं धरली. "पंक्चर व्हती. दुसरी घातली." महाबळेश्वरच्या बाईचं प्रकरण उघडं पडून दीड वर्ष झालं होतं. तिथलं टॅक्सी चालवायचं काम सोडून, पल्लवीसमोरच तिला शेवटचा फोन करून त्यानं संबंध तोडले. पल्लवी तेच प्रश्न पुन्हापुन्हा विचारायची. तो न चिडता तीच उत्तरं द्यायचा. तरीही तिनं सायकलच्या पंपानं ट्यूबमध्ये हवा मारून ती त्यानंच भरून दिलेल्या बादलीत बुडवली. बुडबुडे आले. तिला रडू फुटलं. "आवं, मी आदी अशी न्हवते." "मीच केली तुला अशी. तपास तू." पुढच्या वेळी तपासणार नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण आता एकमेकांशी खोटं बोलायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं.