नाव घ्यायची घाई

"नाव घ्यायची घाई कशाला? आधी ताटाभोवती रांगोळी घाल," उखाणा शिकवताना मावशी म्हणायची.

वृंदाने प्रेमकादंबरी तशीच लिहिली. पाचव्या प्रकरणात नायक नायिकेची तुटकी चप्पल शिवून आणतो. नवव्यात न विचारता तिच्या चहात साखर कमी घालतो. चौदाव्यात ओठ जवळ येतात, तर तीच मागे सरते, कारण बदली झाल्याचं तिने त्याला सांगितलेलं नसतं.

"आता तरी मुका घेऊ द्या, वृंदाबाई," संपादक श्रीरंग कुरकुरला. "वाचक म्हातारे होतील."

"दर वेळी पाऊलभर जवळ आणायचं, अडवायला खरं कारण द्यायचं. तळमळू दे की वाचकाला."

त्याने चहा पुढे केला. साखर कमीच होती.

"माझ्या नायकाची नक्कल?" ती हसली.

"त्यानेच माझी केलीय. किती वर्षं असाच चहा देतोय." तो थांबला. "वृंदा, तू मला आवडतेस."