चढाआधीचा विसावा

पुजाऱ्याच्या पत्राला म्हाताऱ्याने चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं. म्हाताऱ्यानेच लिहिलेल्या यात्रेच्या मार्गदर्शिकेत, नकाशाच्या घडीत ते पडून होतं. आज नवी आवृत्ती छापायला जायची होती, म्हणून ते पुन्हा टेबलावर आलं.

"आमचं गाव धरणात गेलं," पुजाऱ्याने लिहिलं होतं. "सीतामाई जिथे टेकली तो विसाव्याचा दगड ट्रॅक्टरवर घालून आम्ही नव्या गावी आणला. लक्ष्मणाने बाण मारून काढलेलं पाणी तेवढं आणता आलं नाही. पाण्याला तिकडे आता तोटा नाही म्हणा. आपल्या पुस्तकात नाव असेल तिथेच लोक गाडी थांबवतात. आमच्याकडे कुणी थांबत नाही. विसावा इकडे दाखवाल का?"

म्हाताऱ्याने नकाशावर बोट ठेवलं. आधी नदी, तिथे रामाने आंघोळ केली. मग डोंगर. डोंगर उतरल्यावर विसावा, कारण चढून सीता दमली. मग तिला तहान, मग बाणाचं पाणी. लोक गोष्टीच्या क्रमानेच चालतात. जुनं गाव डोंगरापलीकडे होतं. नवं अलीकडे, पायथ्याशी.

सून चहा घेऊन आली. "अजून तेच पत्र? बाबा, एवढ्यात दुसरं धरण बांधून झालं असतं."

"चढायच्या आधीच सीतेला दमवू कशी?" तो पुटपुटला. "लोक माझ्या भरवशावर चालतात गं. मी कोण तिला हलवणारा?"

"तुम्ही कुठे हलवताय? गावाने कधीच हलवलं." ती पलंगाच्या कडेला टेकली. कामावरचे कपडे अजून बदलले नव्हते. "मी रोज तीन जिने चढून घरी येते. दमते कुठे, माहितेय? खालच्या पायरीशी. वर बघते आणि बसते."

स्वतःचा कप तिथेच विसरून ती आत गेली.

म्हाताऱ्याने पेन उचललं. मग बाणाच्या पाण्यापुढे लिहिलं, 'पाण्याखाली'. विसाव्यावरची जुनी खूण खोडली आणि पायथ्याशी नवी केली. बाजूला लिहिलं, 'मूळ जागा धरणात गेली. दगड गावकऱ्यांनी इथे आणला. पुढे चढ मोठा आहे. आधी इथे बसावं.' शेवटचं वाक्य त्याने दोनदा खोडलं, दोनदा पुन्हा लिहिलं.

हेच सगळं त्याने एका कार्डावर उतरवलं. वर 'उशिराबद्दल क्षमा असावी' एवढंच घातलं आणि पुजाऱ्याचा पत्ता लिहिला, नव्या गावाचा.

तो खाली उतरला, कोपऱ्यापर्यंत गेला. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज आला तरी त्याने फटीत बोट घालून पाहिलं.

परत येऊन त्याने वर बघितलं. मग खालच्या पायरीवर बसला.